आईची फाइल आणि हीथ्रोचा काउंटर

प्रश्न: आम्ही फोंड्याचे. ताईला जुलैत बाळ होणार म्हणून आई (वय ६१) पहिल्यांदाच लंडनला चालली आहे, एकटीच. व्हिजिटर व्हिसा मिळाला आहे, अर्ज मीच ऑनलाइन भरला होता. आईला इंग्रजी जेमतेम समजतं. उतरल्यावर इमिग्रेशनवाले काय विचारतात? मी सगळे कागद एका फाइलमध्ये घातलेत, पण ती दोन किलोची झाली आहे. काय ठेवू, काय काढू?

उत्तर:

दोन किलोंतले पावणेदोन किलो काढायचे आहेत. काय काढायचं ते पुढे सांगतो. त्याआधी तुमच्या फाइलमध्ये बहुतेक नसलेला एक कागद आत घाला. तुम्ही आईच्या नावाने भरलेल्या व्हिसा अर्जाची प्रत. गेली बावीस वर्षं मी फोंडा-म्हापसा भागातल्या लोकांचे असले कागद लावून देतो आहे. काउंटरवर अडकलेल्या आया-सासवांची जी प्रकरणं माझ्यापर्यंत आली, त्यांतल्या बहुतेकींनी तो अर्ज डोळ्यांनीही पाहिलेला नव्हता. मुलाने भरला, मुलाने पाठवला, आईने फक्त बोटांचे ठसे दिले.

हा अर्ज इतका महत्त्वाचा का, ते समजलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. ब्रिटनच्या कायद्यात व्हिजिटर व्हिसा हीच आत यायची परवानगीही असते. त्यामुळे काउंटरवरचा अधिकारी आईची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घेत नाही. त्याला इतकंच पाहायचं असतं की हा व्हिसा ज्या माहितीवर दिला ती माहिती खरी होती का, ती आजही तशीच आहे का, आणि बाई त्याच कामासाठी आली आहे का. यांतलं एक जरी 'नाही' निघालं तरी तो व्हिसा तिथेच रद्द करू शकतो. म्हणजे त्याचा प्रत्येक प्रश्न अर्जातल्याच एखाद्या रकान्याचा असतो, फक्त तो तोंडी विचारलेला असतो. तुम्ही अर्जात येण्याची आणि परतण्याची तारीख लिहिली आहे, खर्च किती आणि कोण करणार ते लिहिलं आहे, आईचं उत्पन्न लिहिलं आहे, कारण लिहिलं आहे. आई ते तिच्या शब्दांत सांगते का, एवढाच खेळ.

म्हणून पहिलं काम असं करा. अर्जाची पीडीएफ काढा, रात्री जेवणं झाली की आईजवळ बसा आणि ती मराठीत वाचून दाखवा. पाठ करून घेऊ नका. कुठे आई म्हणाली, "असं कुठे आहे? मला तर ताई दिवाळीपर्यंत राहा म्हणते," तर तिथे थांबा. घरात आणि अर्जात फरक पडलाय तो नेमका तिथेच.

आता प्रश्न. भारतीय पासपोर्टवाल्यांना ई-गेट चालत नाहीत, इतर सर्व देशांच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि प्रत्येकाला माणूसच भेटतो. पूर्वी विमानात भरायला एक कार्ड द्यायचे, ते २०१९ मध्ये बंद झालं. आईला कुणी 'फॉर्म भरायचा असतो' सांगितलं असेल तर तो शोधत बसू नये. रांगेचा भरवसा नाही, पण काउंटरवरचं बोलणं बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आटपतं. का आलात, किती दिवस, कुणाकडे, मुलगी काय करते, कुठे राहते, तिकिटाचे पैसे कुणी दिले, परतीचं तिकीट आहे का, तिकडे घरी कोण आहे. कधीकधी यात 'अर्ज कुणी भरला' हाही प्रश्न येतो. त्याचं खरं उत्तर 'मुलाने' हे आहे आणि ते तसंच द्यावं. मदत घेतली म्हणून कुणी अडवत नाही, मात्र अर्जात जे लिहिलंय त्याची जबाबदारी आईचीच धरतात.

यांतले सहा-सात प्रश्न कुणालाही सुटतील असे आहेत. बाळंतपणाला जाणाऱ्या आईला अडचणीत आणतात ते दोन. 'तिथे काय करणार?' आणि 'किती दिवस राहणार?' या दोघांवरच मी जरा वेळ घालवतो.

आपल्याकडे आई लेकीच्या बाळंतपणाला जाते ती पाहुणी म्हणून जात नाही. न्हाऊ-माखू घालायला, मेथीचे लाडू करायला, रात्री बाळ रडलं तर उठायला जाते. त्यामुळे 'काय करणार?' म्हटलं की तिच्या तोंडून पटकन येतं, "बाळाला सांभाळायला आले." आपल्या कानाला हे प्रेमाचं वाक्य आहे. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कानाला ते कामाचं वाक्य वाटू शकतं. व्हिजिटरला तिथे काम करता येत नाही, पगार नसला तरीही नाही. मग आजीने नातवाला उचलून घ्यायचं नाही का? तसं मुळीच नाही. त्यांच्याच मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की नातेवाईक थोड्या मुदतीच्या भेटीत मुलाकडे बघत असेल तर ते चालतं, फक्त ती दाई म्हणून नोकरीला ठेवल्यासारखी गोष्ट होता कामा नये. मग रेषा कुठे? व्यवहारात अधिकारी ती एका उपप्रश्नाने शोधतो. "तुमची मुलगी कामावर कधी जाणार?" आई तिथे असतानाच ताई कामावर जाणार असेल, आणि बाळाची दुसरी कसली सोय नसेल, तर आजी पाहुणी उरत नाही. त्याच्या हिशेबात ती पाळणाघराची बदली झाली.

हे सत्तरीतल्या एका बाईंच्या बाबतीत प्रत्यक्ष घडलं. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदलून सांगतो. बाई बालवाडीतून निवृत्त झालेल्या, लेक इंग्लंडात नर्स, नातू पाच महिन्यांचा. अर्जात लिहिलं होतं आठ आठवडे, कारण 'लेकीला आणि नातवाला भेटणे'. व्हिसा सहा महिन्यांचा मिळाला. (व्हिजिटर व्हिसा असाच मिळतो, आठ आठवडे मागितले म्हणून आठच देतात असं नाही.) व्हिसा सहा महिन्यांचा दिसल्यावर जावयाने स्वस्त पडलं म्हणून परतीचं तिकीट साडेपाच महिन्यांनंतरचं काढलं. फाइल माझ्याकडून लावून घेतली नव्हती. मुलाने घरातलं कपाट रिकामं करून ती भरली होती.

काउंटरवर बाई म्हणाल्या, "बेबी केअर." किती दिवस? त्यांनी तिकीट पुढे केलं. साडेपाच महिने. लेक कामावर कधी जाणार? "पुढच्या आठवड्यात." अधिकाऱ्याने फाइल मागितली, चाळली, आणि त्यात सापडलं बालवाडीत अठरा वर्षं मुलं सांभाळल्याचं अनुभव प्रमाणपत्र, इंग्रजीत, शिक्क्यासह. मुलाने ते कौतुकाने घातलं होतं. आता अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. अर्जात आठ आठवडे आणि तिकीट साडेपाच महिन्यांचं. आई-बाप दोघे कामावर. आणि मुलं सांभाळण्याचा अनुभव असलेली बाई अनुभवाचा दाखला घेऊन आली आहे. यांतला एकही कागद खोटा नव्हता. एकत्र ठेवल्यावर मात्र त्यांनी भलतीच गोष्ट सांगितली.

त्यांना 'आयएस ८१' म्हणतात ती नोटीस दिली. घाबरून तिला 'डिपोर्टेशन लेटर' समजणारे लोक मी पाहिले आहेत. ती तशी नाही. 'तुमची अजून चौकशी करायची आहे, तोवर थांबा' एवढाच तिचा अर्थ. पासपोर्ट ठेवून घेतात, बसायला एक जागा देतात, बॅगा तपासू शकतात, फोनही बघू शकतात. मग सविस्तर मुलाखत होते, इंग्रजी येत नसेल तर फोनवर दुभाष्या घेऊन. आणि खरी मेख त्यानंतर येते. ते बाहेर वाट बघणाऱ्या माणसाला वेगळा फोन लावतात आणि तेच प्रश्न त्याला विचारतात. या बाईंच्या लेकीने पहिले दोन फोन उचललेच नाहीत. नंबर दिसत नव्हता, तिला वाटलं कुणी काही विकतंय.

सुटका कशाने झाली? लेकीने नातवाचं नाव नर्सरीत घातलं होतं, पुढच्या आठवड्यापासूनच. तिच्याकडे त्याचा ईमेल होता, भरलेल्या पैशाची पावती होती. आईला मात्र हे माहीतच नव्हतं. आईच्या मते ती 'सांभाळायला' आली होती. लेकीच्या मते आई भेटायला आली होती आणि बाळ दिवसा नर्सरीत जाणार होतं. लेकीने फोनवरूनच परतीची तारीख बदलून घ्यायची तयारी दाखवली आणि नर्सरीचा ईमेल पाठवला. जवळजवळ पाच तासांनी बाईंना आत सोडलं. जो एक कागद लागत होता तो फाइलमध्ये नव्हता, आणि जो घरीच राहायला हवा होता तो मात्र होता.

तुमच्या आईची बाजू यापेक्षा बरीच सोपी आहे, कारण ताई आत्ताच बाळंत होणार. ब्रिटनमध्ये नोकरदार बाईला ५२ आठवड्यांपर्यंत प्रसूतीची रजा मिळते. ताईने आपल्या नोकरीच्या ठिकाणाहून रजा कधीपासून कधीपर्यंत आहे त्याचं एक पानी पत्र घ्यावं. समजा आई २० जूनला जाऊन २९ ऑगस्टला परतणार आहे, म्हणजे दहा आठवडे. आणि ताईची रजा पुढच्या वर्षापर्यंत आहे. मग 'आई असताना ताई स्वतः घरीच आहे' हे त्या एका पत्रातून दिसतं, बोलून पटवावं लागत नाही. या कामासाठी सगळ्या फाइलमधला हा सर्वांत वजनदार कागद, आणि तो व्हिसाच्या वेळी बहुतेकांनी दिलेला नसतो. आईने मग काय म्हणायचं? जे आहे तेच. "मुलीला बाळ होणार आहे. तिच्यासोबत राहायला आले. ती रजेवर आहे." मदत करणार का, असं विचारलं तर "हो, आई आहे ना तिची," म्हणावं. मदत नाकारू नये. 'फक्त लंडन फिरायला आले' असं शिकवून पाठवणारे दलाल आहेत, त्यांचं ऐकू नका. एकसष्ट वर्षांची बाई, जुलैत बाळंत होणारी लेक, आणि आई म्हणते मला राणीचा वाडा बघायचाय! हे कुणाला पटेल?

दुसरा प्रश्न दिवसांचा. अर्जातली तारीख, तिकिटाची तारीख आणि आईच्या तोंडची तारीख या तिन्ही जुळल्या पाहिजेत. थोडी मागेपुढे झाली तर आभाळ कोसळत नाही, तिकिटं तशी मिळतातच. पण दहा आठवड्यांचे पाच महिने झाले असतील तर त्याला सांगण्यासारखं खरं कारण हवं. 'व्हिसा सहा महिन्यांचा आहे म्हणून सहा महिने' हे कारण नव्हे. आणि तिकडून परत यायचं कारण आईला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. माझ्या ओळखीच्या एका मावशींना विचारलं, परत कधी? त्या म्हणाल्या, "चवथीपूर्वी. आमच्या घरी गणपती असतो, माटोळी मलाच बांधायची असते." दुभाष्याने 'माटोळी'चं काय केलं देव जाणे, पण अधिकारी हसला आणि पासपोर्ट परत दिला. सांगायचा मुद्दा हा की ते कारण तिचं होतं, कुणी पढवलेलं नव्हतं.

पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. सहा महिने राहून आली, दोन महिने घरी थांबली, पुन्हा सहा महिने गेली, असं वरचेवर झालं तर 'भेटीच्या नावाखाली इथेच राहता' म्हणून अडवतात. वर्षात अमुकच दिवस असा लिखित आकडा नाही, पण एकामागून एक भेटी करून तिथेच वास्तव्य करता येणार नाही असा नियम मात्र आहे.

आता फाइल. प्लास्टिकचे पारदर्शक कप्पे असलेली डिस्प्ले फाइल घ्या, वीस पानांची, स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात मिळते. पंच करून दोरीने बांधायची फाइल नको, काउंटरवर त्यातून एक कागद सुटा काढून देता येत नाही. स्टेपलरही नको. कागद कुठल्या कार्यालयाचा आहे त्यावरून लावू नका, प्रश्नांच्या क्रमाने लावा. बहुतेक जण 'बँकेचे एकीकडे, सरकारी एकीकडे' असे लावतात. मग 'मुलगी कुठे राहते?' म्हटल्यावर आई बारा पानं उलटते, हात थरथरतात, आणि समोरच्याला वाटतं बाई काहीतरी लपवते आहे.

पहिल्या कप्प्यात एकच पान, मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत. आईचं नाव, ताईचं नाव आणि नातं, ताईचा पूर्ण पत्ता पोस्टकोडसह, ताईचा आणि भावोजींचा फोन, येण्याची आणि परतण्याची तारीख, विमानाचा नंबर. त्याच पानावर खाली एक ओळ: मला इंग्रजी कमी येतं, मी मराठी आणि हिंदी बोलते. आई घरी कोकणी बोलत असेल हे मी जाणतो. पण दुभाष्या मिळवायचा झाला तर हिंदीचा सगळ्यांत लवकर मिळतो, आणि मालिकांच्या कृपेने हिंदी सगळ्या आयांना येते. ज्या भाषेत तिला नीट समजतं तीच लिहा. अर्धवट समजून 'येस येस' म्हणण्यापेक्षा दुभाष्याची दहा मिनिटं परवडली.

मग कप्पे असे जातील. ताईचं निमंत्रणाचं पत्र आणि तिच्या तिथल्या वास्तव्याचा पुरावा. ताईकडे आता कार्ड नसेल, ई-व्हिसा असेल. त्यासाठी जो शेअर कोड काढतात तो ९० दिवसच चालतो. तुम्ही अर्जासोबत दिलेला कोड बहुधा संपलेला असेल, जायच्या आठवड्यात तिला नवा काढायला सांगा. त्यानंतर ताईच्या रजेचं पत्र आणि डॉक्टरने दिलेल्या प्रसूतीच्या तारखेचा कागद. पुढे घराचा करारनामा किंवा पत्ता दाखवणारं एखादं बिल. मग परतीचं तिकीट. मग पैशांचं. ताई खर्च करणार असं अर्जात लिहिलं असेल तर तिचं बँक स्टेटमेंट आणि पगाराच्या अलीकडच्या तीन पावत्या, शिवाय आईच्या किंवा बाबांच्या खात्याचं एक पान. त्यानंतर तिकडे घरी काय आहे त्याचं. बाबांची पेन्शन असेल तर त्याची स्लिप, आणि आईच्या किंवा बाबांच्या नावावर जमीन असेल तर एक-चौदाच्या उताऱ्याची प्रत. एक पान पुरे. सगळ्यांत शेवटी अर्जाची प्रत आणि विम्याचं पान. ब्रिटनमध्ये व्हिजिटरला सरकारी रुग्णालयातल्या उपचारांसाठी ठरलेल्या दराच्या दीडपट आकारतात, त्यामुळे विमा काउंटरपेक्षा तुमच्याच खिशासाठी जास्त गरजेचा.

प्रत्येक कप्प्याच्या तळाशी मराठीत चिठ्ठी चिकटवा. 'ताईचं पत्र', 'ताईची रजा', 'परतीचं तिकीट'. अधिकाऱ्याला मराठी वाचायचं नाही, आईला वाचायचं आहे. आपण लोक फाइल अधिकाऱ्यासाठी लावतो आणि विसरतो की ती हाताळणार आहे आई. दुसरं म्हणजे, न मागता काही द्यायचं नाही. पासपोर्ट द्यायचा, फाइल हातात बंद ठेवायची, मागेल तेवढाच कागद काढायचा. अख्खी फाइल काउंटरवर सरकवली की तो ती वाचतो, आणि वाचायला लागला की प्रश्न निघतात.

काय काढायचं? आईची सगळी शैक्षणिक आणि कामाची प्रमाणपत्रं. घराची मूळ कागदपत्रं, विक्रीखत, सोन्याच्या पावत्या. मूळ कागद देशाबाहेर नेण्याचं काही कारणच नाही. हरवले तर इथल्या कचेरीत किती खेपा होतील ते तुम्हाला माहीत आहे. तुमचे, बायकोचे, मामांचे बँक स्टेटमेंट. अर्जात ज्याचा उल्लेख नाही त्याचा कागदही नको. आणि नातेवाइकांनी तिथल्या कुणाला द्यायला दिलेले बायोडेटा-बियोडेटा तर बॅगेतसुद्धा नकोत.

गोव्याचा एक खास गुंता इथेच सांगतो, कारण बाहेरचा सल्लागार तो सांगणार नाही. आपल्याकडे जुन्या पिढीत लग्नात बाईचं आडनावच नव्हे, पहिलं नावही बदलायचे. त्यामुळे कित्येक घरांत लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव आणि आईच्या पासपोर्टवर दुसरं असतं. त्यात आडनावाचं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग एका कागदावर आणि साधं स्पेलिंग दुसऱ्यावर. फोंड्यात असं घर दर वाड्यावर सापडेल. ताईचा जन्मदाखला काढून आईचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. जुळत असेल तर तो दाखला निमंत्रणाच्या पत्रामागे ठेवून द्या. जुळत नसेल तर आईच्या लग्नाचा दाखला आणि ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच कप्प्यात घाला. तिथे हा प्रश्न निघेलच असं नाही. पण निघाला तर 'ही तुमची मुलगी कशावरून?' याला तोंडी उत्तर देणं जेमतेम इंग्रजीत फार अवघड जातं.

फाइल कुठे ठेवायची हेही सांगतो, कारण यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका काकांची फाइल मी फार सुरेख लावून दिली. त्यांनी ती खराब होऊ नये म्हणून मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, ठेवली आणि बॅग चेक-इन केली. इमिग्रेशन आधी, सामानाचा पट्टा नंतर! काका रिकाम्या हाताने काउंटरवर उभे. चूक माझी, मी सांगितलंच नव्हतं. फाइल केबिन बॅगेतही नको, खांद्याच्या छोट्या पिशवीत हवी, पासपोर्ट, चष्मा आणि औषधांच्या चिठ्ठीसोबत. वाचायचा चष्मा विसरलेल्या आईला मराठी चिठ्ठ्यांचाही उपयोग नाही. व्हिसा जुन्या पासपोर्टमध्ये चिकटवलेला असेल तर दोन्ही पासपोर्ट न्यायचे. चिकटवलेला नसेल, नुसता ई-व्हिसा असेल, तर त्या ऑनलाइन खात्यात हाच चालू पासपोर्ट नोंदलेला आहे ना, ते निघण्याआधी बघा. कारण पहिली तपासणी हीथ्रोला नाही, इकडे विमान कंपनीच्या काउंटरवरच होते. कागद पुरे नसलेला प्रवासी नेला तर ब्रिटन कंपनीकडून माणशी २,००० पौंड वसूल करू शकतं. मग ते लोक जास्तच बारकाईने बघतात.

आईसाठी व्हीलचेअर सांगितली असेल तर चांगलंच, वाट चुकत नाही. फक्त ढकलणारा माणूस पिशवी खुर्चीच्या मागे अडकवतो, ती आईच्या मांडीवर हवी. हा माणूस कधीकधी भारतीय किंवा पाकिस्तानी असतो आणि चांगुलपणाने आईच्या वतीने उत्तरं द्यायला लागतो. "हां हां, बच्चा संभालने आयी है," असं तो बोलून गेला तर आपली सगळी तयारी पाण्यात. आईने हसून 'मैं बताती हूँ' म्हणावं.

खाण्याच्या वस्तूंचा प्रश्न वेगळा, तो इमिग्रेशनच्या पुढे कस्टमचा. भारतातून मांसाचं आणि दुधाचं काहीही नेता येत नाही. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, आणि शेजारच्या घरून कुणी ओळखीच्याला द्यायला गोव्याचं चोरीस सॉसेज दिलं तर तेही नाही. बाळंतिणीचे लाडू तुपाचे असतात हे मला कळतं. ताई तिकडे तूप विकत घेईल, आई तिथेच वळेल.

निघण्यापूर्वीच्या रविवारी एक तालीम घ्या. तुम्ही टेबलामागे बसा, आई पिशवी घेऊन समोर उभी. हिंदीत विचारा, क्रम बदलून विचारा, एखादा प्रश्न दोनदा विचारा, मध्ये गप्प बसून पासपोर्ट उगाच चाळा. खरे अधिकारी असे गप्प बसतात आणि त्या शांततेत आया नको ते बोलून जातात. उत्तर झालं की थांबायचं, एवढं तिला सांगा. मग हेच प्रश्न व्हिडिओ कॉलवर ताईला विचारा, आई शेजारी नसताना. दोघींची उत्तरं वेगळी आली तर कुणाचं खरं ते बघा आणि दुसरीला ते सांगा. कामावर कधी जाणार, आई कुठल्या खोलीत झोपणार, तिकिटाचे पैसे कुणी भरले, इतकं साधंही बऱ्याचदा वेगळं येतं.

ताईला आणखी एक सांगायचं. विमान उतरल्यापासून आई बाहेर येईपर्यंत फोन मोठ्या आवाजावर ठेवायचा आणि नंबर दिसत नसला तरी उचलायचा. ती दिवस भरत आलेली असणार, झोप लागू शकते, दवाखान्यातही असू शकते. म्हणून पहिल्या पानावर भावोजींचा नंबर आधी लिहा, ताईचा त्याखाली.